फक्त ‘विविध’ लिही आणि स्टार टाक

मा. ग्रंथपाल मॅडम,
सप्रेम नमस्कार. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात मराठी घेऊन तृतीय वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मला ‘मोचनगड’ ही कादंबरी पुस्तकातून नको, ती ज्या मासिकात क्रमशः आली त्या ‘विविधज्ञानविस्तार’मधूनच वाचायची आहे. वाचनालयाच्या कॅटलॉगमध्ये ‘मोचनगड’ टाकलं तर अलीकडची पुस्तकं येतात. ‘विविध ज्ञान विस्तार १८७१’ टाकलं तर काहीच येत नाही. शिवाय एका संदर्भग्रंथाच्या तळटिपेत ‘वि. ज्ञा. वि., पु. ४’ असं लिहिलंय, त्यातलं ‘पु.’ मला कळलं नाही. जुनी मासिकं कॅटलॉगमध्ये शोधायची कशी? की ती तुमच्याकडे नाहीतच?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

प्रिय मुली,

‘नाहीतच’ हा निष्कर्ष एवढ्यात काढू नकोस. तू जे दोन शोध घेतलेस ते दोन्ही, मासिक कपाटात असलं तरी, रिकामेच गेले असते. तसं का होतं हे एकदा नीट कळलं की पुढचं सोपं आहे, म्हणून आधी तेच सांगते.

कॅटलॉगमध्ये नोंद असते ती मासिकाची, मासिकातल्या मजकुराची नसते. पुस्तक दाखल झालं की त्याचं नाव, लेखक, प्रकाशक, साल अशी एक नोंद होते. मासिक मात्र सत्तर वर्षं चाललं तरी त्याची नोंद एकच. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि १९३७ पर्यंत चाललं. एवढ्या वर्षांतल्या कथा, कविता, परीक्षणं, निबंध हे सगळं त्या एका नावाच्या पोटात असतं, आणि त्या पोटात काय आहे हे कॅटलॉगला माहीत नसतं. म्हणून ‘मोचनगड’ टाकल्यावर तुला फक्त पुस्तकं दिसली. ‘गुंजीकर’ टाकलं असतंस तरी तेच झालं असतं. रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे कादंबरीचे लेखक आणि या मासिकाच्या संस्थापकांपैकीही एक, पण मासिकाच्या नोंदीत संपादकाचं नाव लेखकाच्या रकान्यात घातलेलं असेलच असं नाही. म्हणजे जुन्या मासिकातला कुठलाही मजकूर शोधायचा तर दोन पायऱ्या कराव्या लागतात. पहिल्या पायरीवर कॅटलॉगमध्ये मासिक शोधायचं, दुसऱ्या पायरीवर मासिकाच्या आत मजकूर. कॅटलॉगचं काम पहिल्या पायरीला संपतं.

आता पहिली पायरी. तू नाव तीन शब्दांत तोडून लिहिलंस. आज कुणीही तसंच लिहील. पण मासिकाचं नाव एकसंध आहे, विविधज्ञानविस्तार, आणि संगणकाला तो एकच शब्द वाटतो. ‘ज्ञान’ हा शब्द त्याच्या पोटात आहे हे त्याला दिसत नाही. उलटंही घडतं. नोंद करणाऱ्याने ‘विविध ज्ञानविस्तार’ असं तोडून लिहिलेलं असेल तर अचूक एकसंध नाव टाकणाऱ्याला ते सापडणार नाही. एकाच मासिकाच्या अशा तीन तऱ्हा मी वेगवेगळ्या याद्यांमध्ये स्वतः पाहिल्या आहेत. म्हणून नाव पूर्ण लिहायचंच नाही. सगळ्या तऱ्हांमध्ये सारखा असलेला सुरुवातीचा तुकडा घ्यायचा आणि त्याला स्टार जोडायचा. आपला कॅटलॉग कोहा या प्रणालीवर चालतो. तिच्यात शोधाच्या चौकटीत हे लिही:

```
ti:विविध*
```

`ti:` म्हणजे शोध फक्त शीर्षकात घे. स्टारचा अर्थ, इथून पुढे काहीही असलं तरी चालेल. यात ‘विविध’ हा सुटा शब्दही येतो आणि ‘विविधज्ञान’, ‘विविधज्ञानविस्तार’ हे जोडलेले शब्दही येतात. स्टारच्या आधी मोकळी जागा सोडू नकोस, सोडली तर तो शब्दाला चिकटत नाही आणि निकाल बिघडतो.

यात एक मोह होतो. नुसत्या ‘विविध’वर खूप पुस्तकं येतात, ‘विविध विषयांवरील भाषणे’ छापाची. मग वाटतं, पुढे ‘विस्तार’ही जोडू म्हणजे यादी आटोपशीर होईल. तसं केलंस तर जे हवं तेच गळून पडेल. एकसंध नावात ‘विस्तार’ हा वेगळा शब्द नाही, तो शेपटीला चिकटलेला आहे, आणि स्टार फक्त शब्दाच्या शेवटी चालतो. त्यापेक्षा यादी लांब येऊ दे आणि तिचा क्रम बदल. निकालाच्या वर क्रम ठरवायची खिडकी असते, तिच्यात `Publication/Copyright date: Oldest to newest` निवड. सर्वांत जुन्या सालाची नोंद वर येते, आणि ‘विविध’ने सुरू होणारं १८६७ इतकं जुनं दुसरं काही यादीत असण्याचा संभव फार कमी. साल न भरलेल्या नोंदी एका टोकाला गोळा झालेल्या असतात, त्याही एकदा नजरेखालून घाल. जुन्या संग्रहात त्या बऱ्याच असतात.

सालावरून तुझी दुसरी चूक सांगते, कारण ती जवळजवळ सगळेच करतात. तू शोधात १८७१ लिहिलंस, कारण ‘मोचनगड’ पुस्तकरूपाने त्या साली आलं. पण मासिकाच्या नोंदीतलं साल हे मासिक सुरू झाल्याचं साल असतं. नोंदीत १८६७ आहे, १८७१ कुठेही नाही. शोधात साल घातलंस किंवा बाजूच्या गाळणीत १८७० ते १८७५ असं बंधन घातलंस, की मासिक बाद. तेव्हा मासिक शोधताना साल लिहायचंच नाही, ते फक्त क्रम लावायला वापरायचं. त्यात आकड्यांचा घोळ वेगळाच. काही नोंदींत ‘१८६७’ देवनागरीत टाइप केलेलं असतं, काहींत `1867`, आणि शोधाला हे दोन वेगळे शब्द वाटू शकतात.

इतकं करूनही मासिक दिसलं नाही तर शुद्धलेखनाकडे वळ. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधी निघालेल्या मासिकांची नावं जुन्या पद्धतीने छापलेली आहेत. काही ग्रंथपालांनी ती मुखपृष्ठावर जशी होती तशीच उतरवली, काहींनी नव्या नियमाप्रमाणे केली. बडोद्याहून १९४३ मध्ये सुरू झालेलं ‘अभिरुचि’ घे. त्याचं नाव ऱ्हस्व, पण नव्या नियमाने तो शब्द ‘अभिरुची’ असा दीर्घान्त झाला. आता `अभिरुचि` टाकावं की `अभिरुची`? दोन्ही नको, `अभिरुच*` टाक. वेलांटी कोणती हा प्रश्नच उरत नाही. ‘सह्याद्रि’ आणि ‘सह्याद्री’चंही तसंच, तिथे `सह्याद्र*` चालेल. जिथे वेलांटी, उकार किंवा अनुस्वार यांची शंका आहे, तिथे त्याच्या आधीच शब्द कापायचा. पहिल्याच अक्षरावर शंका असेल तर मात्र स्टार कामाचा नाही, मग दोन्ही रूपं वेगवेगळी टाकून बघावी लागतात.

तिसरी शक्यता रोमन लिपीतल्या नोंदीची. वाचनालयांत संगणक आले तेव्हा सगळीकडे मराठी टाइप करण्याची सोय नव्हती, त्या काळात केलेल्या काही नोंदी रोमनमध्येच राहून गेल्या. आपल्या मासिकाच्या नावात मध्येच ‘ज्ञ’ आहे, आणि रोमनमध्ये त्याचं एक ठरलेलं रूप नाही. मराठी माणूस `dnya` लिहितो, हिंदीच्या सवयीचा `gya` लिहितो, संस्कृतच्या शिस्तीतला `jna`. इथेही उपाय तोच, ‘ज्ञ’पर्यंत जायचंच नाही:

```
ti:vividh*
```

यात `Vividh Dnyan Vistar` येतं, `Vividhadnyanvistar` येतं आणि परदेशी ग्रंथालयांच्या पद्धतीचं `Vividhajnanavistara`सुद्धा येतं. ‘ज्ञ’नेच सुरू होणाऱ्या नावांना मात्र ही पळवाट नाही. ‘ज्ञानोदय’ किंवा ‘ज्ञानप्रकाश’ रोमनमध्ये शोधताना तिन्ही रूपं आळीपाळीने टाकावी लागतात.

याच काळातल्या काही नोंदी याहून वाईट अवस्थेत असतात. त्या शिवाजीसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेल्या होत्या आणि नव्या प्रणालीत आणताना त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर झालं नाही. पडद्यावर त्या निरर्थक रोमन अक्षरांसारख्या दिसतात. उदाहरणार्थ, शिवाजी फॉण्टमधला ‘मराठी’ हा शब्द `marazI` असा दिसतो. यादी चाळताना असं मध्येच मोठं अक्षर घुसलेलं काही दिसलं तर ते पुढे ढकलू नकोस. नोंदीचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून संदर्भ विभागात दे. आम्ही तो मजकूर त्याच फॉण्टमध्ये लावून वाचू शकतो, आणि तुझ्यामुळे ती नोंद दुरुस्तही होते. अशा नोंदी आम्हालाही वाचकांनी दाखवल्याशिवाय सापडत नाहीत.

हे इतक्या बारकाईने सांगायला एक कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षात, दुसऱ्या एका गावी, एक वयस्कर गृहस्थ असंच एक जुनं मासिक विचारत आले होते. मी त्यांनी सांगितलेलं नाव जसंच्या तसं टाइप केलं, शून्य निकाल पाहिले आणि ‘नाही आमच्याकडे’ म्हणून सांगितलं. ते परत गेले. काही महिन्यांनी कपाट झाडताना ते मासिक माझ्या हाताला लागलं. दुसऱ्याच एका मासिकाबरोबर एका बांधणीत शिवलेलं होतं, आणि नोंद पहिल्या मासिकाच्या नावावर झालेली होती. त्या गृहस्थांचा पत्ता मी घेतला नव्हता. अजूनही शून्य निकाल दिसले की मला ते दारातून बाहेर पडताना आठवतात.

समज, नोंद सापडली. ती उघडल्यावर खाली `Holdings` नावाचा तक्ता दिसेल. वाचनालयाकडे कोणकोणते खंड आहेत ते त्यातूनच कळतं. त्यात `Call number` हा रकाना कपाटातली जागा सांगतो आणि `Vol info` हा रकाना खंडाचा क्रमांक. तुला हवा आहे `Vol info`. तिथे ‘पु. १’, ‘पु. ४’ अशा नोंदी दिसतील. कधी कधी त्या आकड्यांच्या क्रमाने नसतात. संगणक त्यांना अक्षरं समजतो आणि १, १०, ११, २ असं लावतो. म्हणून १ नंतर १० दिसलं की मधले खंड नाहीत असं समजू नकोस, यादी शेवटपर्यंत उतर.

`Status`च्या रकान्यात `Not for loan` दिसेल. तो शब्द वाचून किती विद्यार्थी परत फिरत असतील कोण जाणे. त्याचा अर्थ एवढाच की खंड घरी नेता येणार नाही. इथे बसून वाचायला तो मिळतो.

आता तुझ्या तळटिपेतलं ‘पु.’. जुन्या मराठी मासिकांत ‘पुस्तक’ हा शब्द आपण आज ज्याला वर्ष किंवा खंड म्हणतो त्या अर्थाने येतो. म्हणजे ‘वि. ज्ञा. वि., पु. ४’ याचा अर्थ विविधज्ञानविस्तार, चौथा खंड. पुढे ‘अं.’ असेल तर अंक आणि ‘पृ.’ असेल तर पृष्ठ. तुझ्या तळटिपेत नुसतं ‘पु.’ आहे, म्हणजे त्या लेखकाने अंक आणि पान दिलेलं नाही, आणि ते तुला स्वतः शोधावं लागेल.

चौथं पुस्तक साधारण कुठल्या सालचं? मासिक १८६७ च्या जुलैत सुरू झालं. जुलै ते जून असं एक पुस्तक धरलं तर दुसरं जुलै १८६८ ला, तिसरं १८६९ ला आणि चौथं जुलै १८७० ला सुरू व्हायला हवं, म्हणजे ते १८७०–७१ मध्ये येतं. हे गणित कोणते खंड मागायचे हे ठरवण्यापुरतंच वापर, प्रकल्पात लिहायला नाही. त्या काळातली मासिकं दर महिन्याला वेळेवर निघत नसत. अंक रखडत, दोन महिन्यांचे जोडून निघत, आणि पुस्तकाचा आकडा आणि साल यांचा मेळ हळूहळू सुटत जाई. पहिल्या चार-पाच पुस्तकांत चूक झाली तर एखाद्या वर्षाची होईल. विसाव्या-पंचविसाव्या पुस्तकापर्यंत गेलीस तर हिशोबात एक-दोन वर्षांचा फरक पडला तरी नवल वाटू देऊ नकोस. खरं साल अंकाच्या पहिल्या पानावरच्या ओळीत बघायचं.

त्या ओळीत कधी इसवी सन असतो, कधी शके, कधी दोन्ही. शके असेल तर त्यात ७८ मिळवायचे. शके १७९३ म्हणजे १८७१. पण शकाचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं, म्हणून माघ-फाल्गुनातल्या अंकाला ७९ मिळवावे लागतात. शके १७९३ चा फाल्गुन १८७२ मध्ये येतो. पौष महिना डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर असतो, तो तपासून घ्यायचा. प्रबंधांमध्ये सालाचा एक वर्षाचा घोळ दिसला की मी आधी महिना कोणता हे बघते, आणि बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

दुसरी पायरी म्हणजे बांधीव खंडाच्या आत शोधणं. खंडाच्या सुरुवातीला किंवा शेवटी वर्षभराची अनुक्रमणिका असते, निदान असायला हवी. ती पानं सगळ्यांत आधी फाटतात, कारण सगळे वाचक तीच उलटतात. अनुक्रमणिका असेल तर तिच्यात ‘मोचनगड’ शोध, गुंजीकर शोधू नकोस. त्या काळी मासिकातल्या मजकुरावर लेखकाचं नाव छापायचा रिवाज सगळीकडे नव्हता, त्यामुळे नावाने शोधणाऱ्याला आपला लेखक सापडत नाही आणि शीर्षकाने शोधणाऱ्याला सापडतो. अनुक्रमणिका नसेल तर प्रत्येक अंकाची सुरुवात शोधावी लागते. बाइंडरने शिवताना रंगीत वेष्टनं बहुधा काढून टाकलेली असतात, म्हणून अंक कुठे बदलला हे रंगावरून कळत नाही. मासिकाचं नाव पानाच्या डोक्यावर पुन्हा मोठ्या टाइपात आलं की नवा अंक सुरू झाला असं समजायचं. पानांचे आकडे मात्र बऱ्याच मासिकांत पूर्ण पुस्तकभर सलग चालतात. ते सलग असतील तर गळालेली पानं लगेच लक्षात येतात. ९६ नंतर एकदम ११३ आलं तर मधली सोळा पानं, म्हणजे बहुधा एक पूर्ण फर्मा, गेलेली आहे. कादंबरीचं एखादं प्रकरण तुटल्यासारखं वाटलं तर लेखकाला दोष देण्याआधी हे आकडे बघ.

तुझ्या कामासाठी मी असं करायला सांगेन. पहिलं पुस्तक आधी माग, चौथं नंतर. क्रमशः कादंबरी कुठून सुरू झाली हे ठरल्याशिवाय मधला खंड वाचून हाती काही लागणार नाही, आणि पुस्तकरूप १८७१ चं आहे तेव्हा तिचे हप्ते त्याच्या आधीच्या खंडांत शोधायला हवेत. एका कागदावर तीन रकाने आख, पुस्तक आणि अंक, अंकावर छापलेला महिना आणि साल, आणि कादंबरीची पानं. प्रत्येक हप्ता सापडला की एक ओळ भर. ज्या अंकात हप्ता नाही त्याचीही ओळ भर आणि ‘नाही’ लिही. जो अंक खंडातच नाही त्याच्यापुढे ‘अंक उपलब्ध नाही’ असं लिही. या दोन शेऱ्यांत फरक आहे. पहिल्याचा अर्थ त्या अंकात हप्ता छापलेला नाही, दुसऱ्याचा अर्थ आपल्याला माहीत नाही. पुढे तुझ्या परीक्षकांनी हप्ते सलग होते का असं विचारलं, तर उत्तर त्या कागदावर असेल.

कॅटलॉगमध्ये काहीच मिळालं नाही तर मात्र पडद्यासमोरून उठावं लागतं. जुन्या संग्रहाची प्रत्येक वस्तू अजून संगणकात आलेली नाही. नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालयाची परंपरा १८४० पासूनची आहे. इतक्या वर्षांत जुन्या वाड्यांमधून, वकिलांच्या आणि शिक्षकांच्या घरांतून आलेल्या पेट्यांची नोंद ज्या त्या काळच्या पद्धतीने झाली. काही मासिकांची फक्त कार्डं आहेत. कार्डांचे खण बघताना एक गोष्ट लक्षात ठेव. संगणक ‘ज्ञ’ला ‘ज’मध्ये धरतो, तर जुने ग्रंथपाल वर्णमालेप्रमाणे ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ अगदी शेवटी लावत. म्हणून ‘ज्ञानोदय’चं कार्ड ‘ज’च्या खणात नसलं तर शेवटचा खण उघड. तुझं मासिक ‘व’मध्येच आहे, तुला हा त्रास नाही.

कार्डही नसेल तर दाखल नोंदवही. वाचनालयात आलेली प्रत्येक वस्तू तिच्यात तारखेप्रमाणे चढवलेली असते, त्यामुळे नावाने शोधता येत नाही, पानं चाळावी लागतात. ती वाचकाच्या हातात देत नाहीत, पण संदर्भ विभागातल्या माणसाला सांगितलंस तर तो बघून देईल. त्याला नुसतं ‘जुनी मासिकं’ असं म्हणू नकोस. चिठ्ठीवर मासिकाचं एकसंध नाव, त्याचे तोडून लिहायचे प्रकार, मुंबई हे ठिकाण, १८६७ ते १८७२ ही सालं आणि ‘दुसऱ्या मासिकाबरोबर बांधलेलं असू शकतं’ एवढं लिहून दे. त्या शेवटच्या वाक्यामुळे तो नोंदवहीबरोबर कपाटही बघेल.

आणखी एक, पुढच्या शोधांसाठी. मासिकं नाव बदलतात. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने निघालेलं मासिक पुढे नुसतं ‘किर्लोस्कर’ झालं. अशा वेळी दोन नावांच्या दोन नोंदी होतात, आणि नीट केलेली असेल तर एका नोंदीत `Continued by` आणि दुसरीत `Continues` असा दुवा असतो. एखाद्या मासिकाचे अंक ठरावीक सालानंतर अचानक थांबलेले दिसले तर आधी हा दुवा बघ, मग मासिक बंद पडलं असं लिही.

यायचं तर दुपारी लवकर ये. बांधीव खंड वरच्या मजल्यावरून काढायला वेळ लागतो, आणि संध्याकाळी वाचनकक्ष भरतो. त्या काळचा कागद कडांना तुटतो, म्हणून झेरॉक्स मिळणार नाही. खंड पूर्ण उघडा करून काचेवर दाबला की शिवण सुटते आणि पान कोपऱ्यातून मोडतं. फ्लॅश बंद ठेवून मोबाइलवर फोटो काढायची परवानगी अर्जावर मिळते. अर्जात महाविद्यालयाचं पत्र जोड. फोटो काढताना प्रत्येक अंकाचं पहिलं पान, ज्यावर पुस्तक, अंक आणि महिना आहे ते, आधी काढ आणि मग हप्त्याची पानं. घरी गेल्यावर दोनशे फोटोंत कुठलं पान कुठल्या अंकातलं हे फक्त त्यावरूनच कळतं. आणि येताना ती तळटीप असलेला संदर्भग्रंथही आण. त्याच्या सुरुवातीला संक्षेपांची यादी असेल, तर त्या लेखकाने कुठल्या ग्रंथालयातले खंड पाहिले तेही बहुधा तिथेच आसपास लिहिलेलं असेल. आपल्या खंडात एखादा अंक नसलाच, तर पुढचं पत्र तिकडे पाठवू. ते लिहायला मी मदत करीन.

— ग्रंथपाल, संदर्भ विभाग